टॅक्ट, ओईई आणि फाइव्ह एस : एका ऑडिटमधल्या तीन शब्दांची जन्मकथा

मागच्या वर्षी फील्डवर्कसाठी मी पुण्याजवळच्या एका मशिनशॉपमध्ये तीन महिने जात होते. माझा विषय तुम्हाला माहीत आहेच: कारखान्यातले व्यवस्थापनाचे शब्द एका देशातून दुसऱ्या देशात कसे जातात, आणि जाताना त्यांचं काय होतं. त्याच काळात कंपनीच्या युरोपातल्या ग्राहकाचा माणूस दोन दिवस लीन ऑडिट करून गेला. मागे जो रिपोर्ट ठेवला त्यात एका सीएनसी लेथबद्दल तीन शेरे होते. टॅक्ट टाइमची समज नाही. ओईई ६८.८ टक्के, उद्दिष्ट ८५. फाइव्ह एस अपुरं.

प्लँट हेडनी रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. "मॅडम, तुम्ही याच्यावरच पीएचडी करताय ना? मग आमच्या सुपरवायझर लोकांना जरा समजावून सांगा." मी स्लाइड्स केल्या, प्रत्येक शब्दाची व्याख्या दिली, आणि पहिल्या पाळीनंतर कँटीनमध्ये सहा सुपरवायझरांसमोर उभी राहिले. दहा मिनिटांत कळलं की हे काही जमत नाहीये. सगळ्यात ज्येष्ठ सुपरवायझर, ज्यांना तिथे सगळे अण्णा म्हणतात, शांतपणे म्हणाले, "मॅडम, टॅक्ट म्हणजे सायकल टाइमच ना? मग दोन नावं कशाला?" दुसऱ्याने विचारलं, "ओईई कमी म्हणजे ऑपरेटर कमी पडतो, असंच ना?" हा प्रश्न साधा नव्हता. त्या लेथवर एक कंत्राटी मुलगा होता आणि ६८.८ हा आकडा आल्यापासून त्याला मशीनवरून काढायची भाषा सुरू झाली होती.

दुसऱ्या दिवशी स्लाइड्स घरीच ठेवल्या आणि व्याख्यांऐवजी गोष्ट सांगायला घेतली: हे शब्द कुठे जन्मले आणि तेव्हा कुणाला कोणती अडचण सोडवायची होती. या लेखात तेच मांडते आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्यांना एक गोष्ट आधीच सांगते. हे तीन शब्द आपल्याकडे 'लीन' या एकाच गाठोड्यात बांधून येतात, पण ते गाठोडं नंतरचं आहे. 'लीन' हे नाव जॉन क्राफसिक यांनी १९८८ मध्ये एका लेखात वापरलं, आणि १९९० मध्ये वोमॅक, जोन्स आणि रूस यांच्या पुस्तकाने ते जगभर नेलं. आतले तीनही शब्द त्याहून जुने आहेत, शिवाय तिघांची घरं वेगवेगळी आहेत. त्याआधीच्या कारखान्याबद्दल लिहिताना कुणी 'तिथे लीन होतं' असं म्हणत असेल, तर तो लेखक आजचं नाव मागे नेऊन चिकटवतो आहे, हे ध्यानात ठेवा.

सर्वांत जुना टॅक्ट. हा शब्द जर्मन आहे, मुळात लॅटिन, आणि त्याचं खरं घर संगीतात आहे. ताल, ठोका, मात्रांचा एक गट, असे त्याचे अर्थ. वाद्यवृंदाच्या संचालकाच्या हातातल्या काठीला जर्मनमध्ये 'टाक्टश्टॉक' म्हणतात, म्हणजे तालाची काठी. १९३० च्या दशकात हा शब्द जर्मनीच्या विमान कारखान्यांत शिरला. विमानाचा सांगाडा मोटारीसारखा सरकत्या पट्ट्यावर ठेवता येत नव्हता. त्यामुळे जुळणीचं काम ठराविक थांब्यांमध्ये वाटलं गेलं. प्रत्येक थांब्यावर एक विमान, आणि ठरलेली वेळ झाली की सगळी विमानं एकदमच एकेक थांबा पुढे. या दोन सरकण्यांमधलं अंतर म्हणजे टाक्ट. युंकर्स कंपनीचं नाव या पद्धतीशी विशेष जोडलं जातं. जपानमध्ये मित्सुबिशीच्या विमान कारखान्यामार्फत ही कल्पना पोचली, आणि युद्धानंतर टोयोटाने ती मोटारींसाठी वापरली. शब्द मात्र जपान्यांनी बदलला नाही. ते त्याला 'ताकुतो' म्हणतात, आणि संगीत संचालकाच्या काठीलाही तोच शब्द वापरतात.

इथे अण्णांना एकदम रस वाटला. ते गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. मी म्हटलं, "म्हणजे ठेका धरा." मागून कुणीतरी, "ठेका म्हणजे कंत्राट?" सगळे हसले, आणि तो कंत्राटी मुलगा तिथे नव्हता हे बरंच झालं. मग आम्ही 'ताल' शब्दावर स्थिरावलो.

आता मुद्दा असा, की ठरलेली वेळ कोण ठरवत होतं? कुठलाही एक कारागीर किती वेगाने रिव्हेट मारतो यावरून ती ठरत नव्हती. महिन्याला किती विमानं हवीत यावरून ती निघायची. म्हणून टॅक्ट टाइम ही मोजायची गोष्टच नाही. स्टॉपवॉच घेऊन मशीनपाशी उभं राहिलात तर सायकल टाइम मिळेल, टॅक्ट मिळणार नाही. टॅक्ट कागदावर काढायचा असतो: हाताशी असलेला वेळ भागिले ग्राहकाला हवे असलेले नग.

आमच्या लेथचा हिशोब पाहा. पाळी साडेआठ तासांची, म्हणजे ५१० मिनिटं. त्यातून जेवणाची ३० आणि दोन चहांची मिळून २० मिनिटं वजा केली की ४६० उरतात. सेकंदात २७,६००. ग्राहकाला एका पाळीत ४०० नग हवेत. भागाकार ६९ सेकंद. लेथचा सायकल टाइम ५० सेकंद. ग्राहक ६९ सेकंदांचा ताल देतोय, मशीन ५० मध्ये एक जॉब काढू शकतं. मग अडचण कुठे आहे? अडचण अशी की पाळीअखेर चांगले नग ३८०च भरत होते.

पुढे जाण्याआधी इथे हमखास होणारी एक चूक सांगते, कारण मला ती प्रबंधांमध्येही दिसली आहे. सुपरवायझर म्हणाले, "पण मॅडम, मशीन रोज सेटिंग आणि बिघाड मिळून ८० मिनिटं बंद असतं. ती नको का वजा करायला?" नको. चहा वजा करायचा, कारण तो ठरलेला आहे. बिघाड वजा केला तर टॅक्ट ६९ वरून ५७ वर येतो, आणि आपला बिघाड ग्राहकाच्या गरजेत मिसळून दिसेनासा होतो. ग्राहकाने ताल वाढवलेला नसतो, वेळ आपण घालवलेला असतो.

अण्णांची शंका आणखी वेगळी होती. भजनात लय शेवटी चढत जाते. "आमच्याकडे पण महिनाअखेरीस चढते की!" पहिले दहा दिवस माल येत नाही, शेवटचे आठ दिवस रविवारीसुद्धा पाळी. टोयोटातल्या माणसांना टॅक्ट हवा होता तो नेमकी ही चढती लय मोडण्यासाठी. महिन्याची मागणी दिवसांवर सारखी वाटायची, आणि रोज त्याच ठोक्याने चालायचं. पण आमच्या लेथला कास्टिंगच पंधरवड्याने मिळत असतील, तर भिंतीवर ६९ सेकंद रंगवून काही व्हायचं नाही. टॅक्टची ही मर्यादा ऑडिट रिपोर्टमध्ये नव्हती.

आता ओईई. याचं घर वेगळं आहे, देखभाल विभागात. अमेरिकेतली प्रतिबंधक देखभाल, म्हणजे मशीन मोडायच्या आधीच त्याची निगा राखणं, १९५० च्या दशकात जपानमध्ये पोचली. पुढे तिथे असं ठरत गेलं की ही निगा फक्त मेंटेनन्सवाल्यांची नाही. मशीन चालवणाराच ते पुसेल, त्याला तेल देईल, त्याच्यावर लक्ष ठेवेल. टोयोटाला विजेचे भाग पुरवणाऱ्या निप्पॉनडेन्सोने हे मोठ्या प्रमाणावर केलं आणि १९७१ मध्ये त्यासाठी पुरस्कार मिळवला. या चळवळीला टीपीएम म्हणतात, आणि तिचे प्रमुख प्रवर्तक सेइची नाकाजिमा. ओईई हे माप त्यांच्या लेखनातून जगभर गेलं.

नाकाजिमांचा प्रश्न होता: मशीन जे देऊ शकतं त्यातलं नेमकं कुठे गळतं? त्यांनी ही गळती तीन जागी मोजली. मशीन बंद राहिलं, मशीन चाललं पण हळू किंवा अडखळत, आणि मशीन चाललं पण माल खराब निघाला. ओईई हा या तिघांचा गुणाकार.

आमच्या लेथवर ४६० मिनिटांपैकी सेटिंगला ४५ गेली आणि बिघाडाला ३५, उरली ३८०. म्हणजे उपलब्धता ८२.६ टक्के. या ३८० मिनिटांत एकूण ४०० जॉब निघाले. ५० सेकंदांच्या हिशोबाने त्यांना ३३३ मिनिटं पुरली असती, म्हणजे वेगाचा भाग ८७.७ टक्के. ४०० पैकी ३८० चांगले, म्हणजे गुणवत्ता ९५ टक्के. गुणाकार ६८.८. ऑडिटरचा आकडा बरोबर होता.

पण तिन्ही भाग सुटे करून ठेवले आणि तो मुलगा चर्चेतून आपोआप बाजूला झाला. सेटिंग सेटर करतो. बिघाडाची ३५ मिनिटं बहुतेक वेळा मेंटेनन्सच्या माणसाची वाट पाहण्यात जात होती. राहिला वेग, तर तिथे त्याच्यावर बोट ठेवता आलं असतं. वेग दोन प्रकारे कमी होतो आणि दोन्ही ओळखता येतात. मशीन मध्येमध्ये थांबत असेल तर काही जॉब ५० सेकंदांत निघतात आणि काही ९० मध्ये. मशीनच संथ असेल तर प्रत्येक जॉब सारखाच उशिरा निघतो. आम्ही सलग तीस जॉब मोजले. जवळजवळ सगळे ५७ सेकंदांचे. म्हणजे कुणी टंगळमंगळ करत नव्हतं, कुणीतरी फीड खाली आणला होता. मुलाने लगेच कबूल केलं. कास्टिंगमध्ये कडक जागा लागत होत्या, इन्सर्टची कड उडत होती, म्हणून फीड ओव्हरराइडची खुंटी त्याने १०० वरून खाली ओढून ठेवली होती. आणि इन्सर्ट जास्त गेले म्हणून त्याला बोलणी कोणी दिली होती, तर याच कँटीनमध्ये बसलेल्यांपैकी एकाने! त्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही.

आता ८५ चा आकडा. हा आला कुठून? नाकाजिमांनी चांगल्या कारखान्यांसाठी तीन पातळ्या सुचवल्या होत्या: उपलब्धता ९० टक्क्यांहून जास्त, वेग ९५ हून जास्त, गुणवत्ता ९९ हून जास्त. यांचा गुणाकार करा, साधारण ८५ येतो. तो तिथून निघाला आणि 'जागतिक दर्जा' असा शिक्का घेऊन ऑडिटच्या छापील तक्त्यांत जाऊन बसला. त्या कारखान्यांची मशिनं कोणती, दिवसातून सेटिंग किती वेळा, मागणी किती, हे सगळं वाटेत गळून गेलं.

माझ्या मते इतिहासाचा सगळ्यात उपयोगी भाग इथे आहे. टॅक्ट ग्राहकाकडे बघतो. ओईई ग्राहकाकडे बघतच नाही, ते फक्त मशीनकडे बघतं. दोघांचा जन्म वेगळ्या प्रश्नांतून झाला, म्हणून त्यांना एकमेकांशी कुणीतरी जोडून द्यावं लागतं. ग्राहकाला ६९ सेकंदांना एक नग हवा, मशीनचा आदर्श वेळ ५०. मग लागणारं ओईई म्हणजे ५० भागिले ६९, साधारण ७२.५ टक्के. एवढं झालं की पाळीला बरोबर ४०० चांगले नग. आणि ८५ गाठलं तर? ४६९ नग. वरचे ६९ नग ग्राहकाने मागितलेलेच नाहीत. ते रॅकवर बसणार, पैसे अडकवणार. ताइइची ओनो, ज्यांच्या नावाने टोयोटाची पद्धत ओळखली जाते, ते गरजेपेक्षा जास्त उत्पादनाला सगळ्यात वाईट नासाडी मानायचे. म्हणजे एकाच रिपोर्टमधली एक ओळ दुसऱ्या ओळीच्या विरोधात उभी होती.

उद्दिष्ट असं बाहेरून लादलं की माणसं ते गाठतात, पण वाटा वेगळ्या असतात. सेटिंग टाळायचं म्हणून एकाच जातीचे नग दोन-दोन दिवस काढत राहायचं. सेटिंगची ४५ मिनिटं 'नियोजित थांबा' या रकान्यात टाकायची, की उपलब्धता एका रात्रीत ९१ टक्क्यांच्या पुढे. किंवा आदर्श सायकल टाइम ५० ऐवजी ६० लिहायचा. ही शेवटची चलाखी पकडणं सोपं आहे. वेगाचा भाग १०० टक्क्यांच्या वर गेलेला दिसला की समजा, आदर्श वेळ चुकीचा लिहिलाय. तुम्ही जुने उत्पादन-अहवाल अभ्यासणार असाल तर ओईईच्या आकड्याआधी त्याच्या रकान्यांच्या व्याख्या मागून घ्या. दोन कारखान्यांची ओईई शेजारी ठेवून केलेली तुलना मला आता बघवत नाही.

तर खरी तूट होती वीस नगांची. मशीन चालू असताना सरासरी मिनिटाला एक चांगला जॉब निघत होता. म्हणजे कुठून तरी वीस मिनिटं शोधायची होती. आम्ही दोन सेटिंग पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. ४५ मिनिटांपैकी निम्मा वेळ सेटर मशीनपाशी नव्हताच. सॉफ्ट जॉ शोधायला टूलरूम, तिथे नाहीत म्हणून शेजारच्या लेथवर, मग गेज कुणाकडे आहे ते विचारत फिरणं.

आणि इथे तिसरा शब्द आला. फाइव्ह एस म्हटलं की त्या शॉपमध्ये सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पिवळे पट्टे आणि रंगरंगोटी यायची. यात दोष बराचसा भाषांतराचा आहे. मूळ जपानी शब्द सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु आणि शित्सुके. पहिले दोन तर रोजच्या जपानी बोलण्यात जोडीने येतात, घर आवरण्याबद्दलसुद्धा. ओसादा आणि हिरानो यांची पुस्तकं १९९० च्या दशकात इंग्रजीत आली, आणि पाचही शब्द इंग्रजीतही 'एस'नेच सुरू व्हावेत हा हट्ट धरला गेला. त्या हट्टापायी सेइसोचं झालं 'शाइन', म्हणजे चकाकी. मूळ शब्दाचा अर्थ झाडलोट, पुसणं. टीपीएमवाल्यांसाठी पुसणं म्हणजे तपासणी, कारण हात फिरवल्याशिवाय ढिला बोल्ट आणि तेलाची गळती कळत नाही. आपल्याकडे खंडेनवमीला मशिनं लख्ख पुसून, हार घालून पूजा होते. अण्णांनी सांगितलं की एका खंडेनवमीला पुसताना कूलंटच्या पाइपला गेलेला तडा त्यांच्याच हाताला लागला होता. "मग मॅडम, वर्षातून एकदाच कशाला थांबायचं?"

बाकीच्या शब्दांना मराठीत फार शोधावं लागलं नाही. सेइरी म्हणजे निवडणं, तांदूळ निवडतो तसं: लागणारं इकडे, न लागणारं बाहेर. सेइतोन म्हणजे जागच्या जागी. सेइकेत्सुवर मात्र अडलो. शब्दश: 'स्वच्छता', इंग्रजी तक्त्यात 'प्रमाणीकरण', आणि दोन्ही अर्धवट. शेवटी 'आहे तसं टिकवणं' यावर थांबलो, मला अजून ते पुरतं पटलेलं नाही. शित्सुकेला इंग्रजीत 'सस्टेन' म्हणतात आणि ऑडिटमध्ये त्याचे गुण सह्या केलेल्या चेकलिस्टवर मिळतात. जपानीत हा शब्द मुलांना वाढवण्याचा आहे. मराठीत त्याला 'वळण' म्हणतात, दुसरा शब्दच नको. शिवणकामातही शित्सुके आहे: पक्की शिलाई घालण्याआधी कापड जागेवर धरून ठेवणारा कच्चा टाका. हे ऐकून सुपरवायझरांपैकी एकमेव ताई म्हणाल्या, "म्हणजे नंतर उसवायचा असतो तो."

सगळं शॉप रंगवायचा बेत मग बाजूला राहिला. त्या लेथच्या सॉफ्ट जॉचे सहा संच निवडले, तीन भंगारात गेले, उरलेले मशीनशेजारी आकार कोरलेल्या फळीवर बसले, गेजही तिथेच. सेटिंग २५ मिनिटांच्या आसपास आलं आणि पाळीचे चांगले नग ४०० च्या जवळ पोचले. कास्टिंगच्या कडक जागांबद्दल फाउंड्रीला पत्र गेलं, त्याचं उत्तर मी असेपर्यंत तरी आलं नव्हतं. मुलगा मशीनवर राहिला.

ऑडिटरला पाठवायच्या उत्तरात, ८५ लिहिलेल्या रकान्यासमोर, अण्णांनी ७२.५ लिहायला लावलं, शेजारी भागाकारासकट. दोन आठवड्यांनी ग्राहकाने मागणी ४४० वर नेली. त्या दिवशी मी पोचले तेव्हा लेथसमोरच्या फळ्यावर ६९ पुसलेलं होतं. खडूने ६२.७ लिहिलं होतं, आणि खाली ७९.७. अण्णा फळ्यापाशी उभे राहून सेटरशी आणखी चाळीस मिनिटं कुठून काढायची यावर हुज्जत घालत होते.